उजवीकडची ताटली

खोका तसा साधाच. लाकडी, आतून पांढरा रंगवलेला, समोरून उघडा. दोन्ही बाजूंना एकेक दिवा, माथ्यावर मधोमध भोक पाडून त्यात कॅमेरा खाली तोंड करून बसवलेला. पण त्या मसाल्याच्या कारखान्यातली बाई त्याच्यासमोर उभी राहिली, की त्याचं रंगमंदिर व्हायचं. ती पदर खोचायची, हात स्वच्छ पुसायची, दोन पांढऱ्या ताटल्या शेजारी शेजारी मांडायची आणि तिखटाला सांगायची, "चला, उभे राहा. लाजायचं नाही, आणि नाटकही करायचं नाही."

तिला सगळे दुर्बीणबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे दुर्बीण. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरं जास्त आवडायचं. तिचे वडील नाटक मंडळीत रंगभूषा करायचे. तिचं बाळपण रंगपटात, पावडरीच्या डब्यांमध्ये गेलं. राजाच्या गालावर लाली चढवताना वडील तिला मांडीवर घेत आणि विचारत, "कसा दिसतोय?" ती म्हणायची, "छान." वडील म्हणायचे, "छान कुठे दिसतोय, इथे की तिकडे?" मग तिला उचलून विंगेत नेत, राजाला दिव्याखाली उभं करत. रंगपटात लालबुंद दिसणारा गाल तिकडे कधी मातकट व्हायचा, कधी जांभळा. वडील ओल्या बोटाने पुन्हा सगळं पुसायचे. पुढे मंडळी मोडली, वडील गेले. ही शिकली, प्रयोगशाळेची परीक्षा पास झाली, लग्न झालं आणि मसाल्याच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत आली. नोकरी लागली तेव्हा खोलीत फक्त एक वजनकाटा आणि एक मोडकी खुर्ची होती. खोका तिने सुताराकडून स्वतः उभं राहून करून घेतला.

खोक्याचे रिवाजही तिनेच घातले. कारखान्याने पसंत करून गडद बाटलीत, थंड कपाटात जपून ठेवलेला नमुना म्हणजे यजमान. बाहेरून आलेला माल म्हणजे पाहुणा. यजमान डावीकडे, पाहुणा उजवीकडे. दोघांना सारखी ताटली, काठोकाठ भरायची, वरून पट्टी फिरवून सपाट करायची. मध्ये करड्या रंगाचं एक कार्ड ठेवायचं, म्हणजे कॅमेऱ्याला पांढरं कशाला म्हणायचं ते कळतं. मग एकच फोटो, दोघांचा मिळून. रंग सारखा आहे का, कण एकाच मापाचे आहेत का, मध्येच कुठे उपरं काही चमकतंय का, ते त्या एका फोटोत बघायचं. तिच्या हाताखालून इतके पाहुणे गेले, की सप्लायर आपसांत म्हणत, दुर्बिणीसमोर उभं राहणं म्हणजे मुलगी दाखवण्यापेक्षा अवघड.

आणि अशा या बाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला.

"दुर्बिणीवर धूळ बसली," असं सुपरवायझर म्हणाला. तो पॅकिंगकडचा, गोल चेहऱ्याचा, कामाला चोख आणि बोलायला सैल. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बाई रजेवर गेली, आणि खोका त्याच्या ताब्यात दिला. जाताना सगळे रिवाज तिने त्याच्याकडून तोंडपाठ म्हणवून घेतले. त्याने ते पाळलेही. हेच तर झालं.

बाई रजेवरून परत यायच्या आदल्या दिवशी तिचा फोन वाजत सुटला. ती पलंगावर बसून, काळा चष्मा लावून नवऱ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेत होती. नवऱ्याने फोन उचलला, स्क्रीनकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ताईचा आहे," तो म्हणाला. आणि फोन तिच्या हातात देऊन तो चहा टाकायला म्हणून जो आत गेला, तो बाहेर आलाच नाही. बहीण आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायचं नाही, हे त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं.

"वहिनी," पलीकडून नणंदेचा आवाज आला. "मी वीट विकते का?"

"काय झालं वन्सं?"

"मला विचारताय? तुमच्याच कारखान्याने सगळ्या सप्लायरांच्या ग्रुपवर फोटो टाकलाय! डावीकडे तुमचं लालचुटुक तिखट, उजवीकडे माझं. खाली तुमच्या साहेबांनी लिहिलंय, 'विटकरी दिसते. भेसळीचा संशय. माल थांबवा.' आणि माझ्या गिरणीचं नाव! सकाळपासून माणसं फोन करून विचारतायत, घर बांधायचंय, विटा मिळतील का!"

नणंदेची मसाला कांडायची गिरणी होती. नवरा अंथरुणाला खिळल्यावर तिने ती एकटीने चालवली. दोघींचं फारसं पटत नसे. नणंदेच्या मते वहिनी शिष्ट होती, वहिनीच्या मते नणंद भांडायला निमित्त शोधायची. पण नणंदेच्या तिखटात काही मिसळलेलं असेल, असं बाईच्या मनात एक क्षणही आलं नाही. मग दुसऱ्याच क्षणी तिने स्वतःला दटावलं. मनात येणं न येणं ही काय तपासणी झाली?

"उद्या मी कामावर येतेय," ती म्हणाली. "तुम्हीही या. तुमच्यासमोर बघू."

"आणि खरंच वीट निघाली तर?"

"तर मी तुम्हाला वाचवणार नाही."

 मग नणंद म्हणाली, "वाचवायला सांगितलंय कुणी? नीट बघा, एवढंच म्हणतेय. नवा डोळा मिळालाय ना?" आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत चौघं जमली. बाई, नणंद, सुपरवायझर आणि खरेदीचे साहेब. साहेब उंच, थकलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. मागे एकदा भेसळीचा माल नजरेतून सुटला होता आणि बाजारातून सगळी पाकिटं परत आणावी लागली होती, तेव्हापासून ते संशयाच्या बाजूने झुकत. त्यांना दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं.

बाईने आधीच सांगून टाकलं. "साहेब, ही माझी सख्खी नणंद. तेव्हा निकाल माझ्या शब्दावर ठेवू नका. ताटल्या तुम्ही भरा. कुणाची कुठली ते चिठ्ठीवर लिहून खाली चिकटवा. मला सांगू नका. मी जे दिसेल ते बोलेन, चिठ्ठ्या शेवटी उलटू."

"बाई, तुमच्यावर विश्वास आहे," साहेब म्हणाले.

"माझाही आहे. म्हणून तर सांगतेय."

"बघा, घरातही अशीच बोलते," नणंद सुपरवायझरला म्हणाली. तो बिचारा कुठे बघावं ते न कळून दिव्याकडे बघू लागला.

"आधी मला तो फोटो दाखवा," बाई म्हणाली. "ग्रुपवर टाकलेला नको. कॅमेऱ्यातला, पूर्ण."

ग्रुपवरचा फोटो सुपरवायझरने छान दिसावा म्हणून कडा कापून पाठवला होता. त्यात दोन लाल चौकोन तेवढे उरले होते. पूर्ण फोटो संगणकावर उघडला तेव्हा ताटल्या दिसल्या, खोक्याची पांढरी जमीन दिसली, करडं कार्ड दिसलं. कार्ड मध्ये नव्हतं, जरा यजमानाच्या बाजूला सरकलं होतं. बाई खुर्चीत बसली आणि सवयीने पुढे वाकली. उजवीकडचं तिखट खरंच विटकरी होतं. त्यात शंका घ्यायला जागा नव्हती.

नणंदेचा श्वास मोठ्याने ऐकू आला. "माझं तिखट असं नाही हो," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पाणी आलं म्हणून बाईने तो मिटला. डाव्या, जुन्या डोळ्याने पाहिलं. अख्खा पडदा पिवळट झाला, जणू कुणी त्यावर पातळ चहा ओतला. तिने डोळे बदलले. नव्या डोळ्याला तेच सगळं स्वच्छ, निळसर पांढरं. गेले काही दिवस घरी तिचा हाच खेळ चालला होता. भिंत, चादर, नवऱ्याचा सदरा, प्रत्येक वस्तूचे दोन रंग. नवरा हसून म्हणाला होता, "मी कुठल्या डोळ्याला बरा दिसतो?"

ती पुन्हा डोळे बदलू लागली. डावा, उजवा. डावा, उजवा.

"काय होतंय? डॉक्टरांना बोलवायचं का?" साहेब घाबरले.

"थांबा हो," ती म्हणाली आणि हसली. वडील गाल पुसायला घेताना हसत तशी. "साहेब, तिखट सोडा. ताटलीची कड बघा."

सगळे वाकले. दोन्ही ताटल्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेल्या. डाव्या ताटलीची कड दुधासारखी पांढरी होती. उजवीची कड पिवळसर.

"आता मिरचीत वीट मिसळता येते," बाई म्हणाली, "पण वन्सं माझ्या ताटलीत काय मिसळणार?"

ती उठून खोक्यापाशी गेली आणि दोन्ही दिव्यांखाली तिने आपला तळहात धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे. "डावा दिवा कुणी बदलला?"

सुपरवायझरने जीभ चावली. "तो उडाला होता बाई. स्टोअरमधून नवीन आणून लावला. तितक्याच वॉटचा आहे, मी बघून घेतलं."

"वॉट तेवढेच. रंग वेगळा. हा पांढरा आहे, उजवीकडचा पिवळा. यजमान पांढऱ्याजवळ, पाहुणा पिवळ्याजवळ. कार्डही यजमानाकडे सरकलं होतं, म्हणून कॅमेऱ्याने पांढऱ्या दिव्यालाच खरं मानलं. आणि पिवळ्या दिव्याखालचं लाल मग विटकरी झालं."

"असं तुम्ही म्हणता," साहेब सावधपणे म्हणाले. "सिद्ध कसं करायचं?"

"सोपं आहे. जागा बदला. पाहुण्याला यजमानाच्या जागी बसवा. विटकरी रंग तिखटाचा असला, तर तो ताटलीबरोबर जाईल. दिव्याचा असला, तर जागेवर राहील."

सुपरवायझरने ताटल्यांची अदलाबदल केली. कॅमेरा खट्ट वाजला. चौघं संगणकाकडे वळली, आणि फोटो उघडायला लागला तो एवढासा वेळ नाटकातल्या शेवटच्या घंटेसारखा ताणला गेला.

डावीकडे नणंदेचं तिखट लालबुंद बसलं होतं. आणि उजवीकडे कारखान्याचा तो थंड कपाटात जपलेला, सगळ्यांनी पसंत केलेला यजमान विटकरी झाला होता.

"अगं बाई," नणंद म्हणाली. "आता ग्रुपवर टाका ना हा! लिहा खाली, कारखाना वीट विकतो!"

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण ते हसत होते. सुपरवायझर मात्र रडवेला झाला. "बाई, मी तुम्ही सांगितलं तस्संच केलं. यजमान डावीकडे, पाहुणा उजवीकडे."

"हो रे बाबा. कार्ड तेवढं सरकलं, बाकी तू नाही चुकलास, रिवाज चुकला. मी जागा ठरवून दिल्या आणि वर्षानुवर्षं त्या बदलून कधी बघितल्या नाहीत. आजपासून प्रत्येक जोडीचे दोन फोटो. एक असा, एक जागा बदलून. आणि दिवा बदलायचा तर जोडीने बदलायचा."

इथे दुसरी एखादी बाई थांबली असती. नणंद तर पर्स उचलून उभी राहिलीच. पण दुर्बीणबाईने तिला बसवलं.

"बसा वन्सं. अजून संपलं नाही."

"अहो, झालं ना सिद्ध?"

"दिवा दोषी ठरला. तुम्ही निर्दोष ठरलात असं कुणी म्हटलं?"

नणंद पर्स मांडीवर घेऊन बसली. बाईने दोन्ही दिवे एकाच पॅकेटमधले, सारखे बसवून घेतले. कार्ड मधोमध. मग ती साहेबांना म्हणाली, "आता ताटल्या भरा, चिठ्ठ्या चिकटवा," आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खिडकीतून समोरच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर आणि मालाच्या गाड्या धुणारा एक माणूस दिसत होता. मागे साहेब पट्टी फिरवत असल्याचा आवाज येत होता. ती शांत होती. नणंदेचं नाव जायचं असेल तर जाईल, राहायचं असेल तर राहील, पण आता ते दिव्यावर अवलंबून नव्हतं.

दोन फोटो निघाले, एक असा आणि एक जागा बदलून. बाईने बराच वेळ पाहिलं.

"एक ताटली किंचित काळपट आहे. थोडीच. पण या वेळी ती जागेबरोबर जात नाही, ताटलीबरोबर जाते. म्हणजे फरक तिखटातच आहे."

नणंदेने पदराचं टोक मुठीत धरलं. साहेब पुढे झुकले. "मग वीट?"

"घाई नको. जवळून फोटो घेऊ. शेजारी पट्टी ठेवून."

जवळचा फोटो पडद्यावर आला, तेव्हा तिखट तिखट राहिलं नाही, लाल डोंगर झाले. एका बाजूला सारखी बारीक रेती. दुसऱ्या बाजूला रेतीतच मोठाले दगड, आणि त्यांच्या पायथ्याशी काळ्या सावल्या.

"हे बघा. कण जाड. जाड कणांची सावली एकमेकांवर पडते, म्हणून सगळं मिळून काळपट दिसतं. तेच बारीक दळलं की उजळ दिसतं. आता खरा रंग बघायचा, तर दोघांना एका मापाचं करा."

सुपरवायझरने बारीक जाळीची चाळणी आणली. सारख्या वजनाचं दोन्ही तिखट एकामागून एक चाळलं गेलं, मध्ये चाळणी झटकून, पुसून. खाली पडलेलं बारीक तिखट पुन्हा आपापल्या ताटल्यांत सपाट झालं, पुन्हा दोन फोटो. या वेळी बाईने नवा डोळा लावला, जुना लावला, मग दोन्ही उघडले. डावं कुठलं आणि उजवं कुठलं, ते तिला सांगता येईना.

"रंग एक," ती म्हणाली.

मग चाळणीवर राहिलेला जाड चुरा. एकाचा चिमूटभर, दुसऱ्याचा चांगला चमचाभर. भिंगातून त्याचे फोटो झाले. सालीचे चपटे तुकडे, त्यांना तेलाची चमक, आणि बियांच्या पिवळ्या कपच्या. विटेचा कण असा नसतो, तो मंद, मातकट आणि अपारदर्शक असतो. तसा एकही दिसेना. तरी बाईने काचेचे दोन पेले पाण्याने भरले, शेजारी शेजारी ठेवून दोन्हीत वरून तिखट भुरभुरलं. वरून घातलेला रंग असता तर त्याच्या लाल रेघा पाण्यात उतरल्या असत्या, तशा उतरल्या नाहीत. थोड्या वेळाने तळाशी बसलेला गाळ तिने बोटांवर घेऊन चोळला आणि साहेबांनाही चोळायला लावला.

"खरखर लागते?"

"नाही," साहेब म्हणाले. "मऊ आहे."

"मग माझं म्हणणं ऐका. दोन्हीत भेसळीची काही खूण मला दिसत नाही. रंग जुळतो. पण ज्या ताटलीत जाड कण आहेत, तो माल आपल्या मापात बसत नाही. तो घ्यायचा नाही. परत पाठवायचा. उलटा आता चिठ्ठ्या."

साहेबांनी जाड कणांची ताटली उचलली, तळाची चिठ्ठी सोडवून वाचली आणि नणंदेपुढे धरली. तिच्यावर गिरणीचं नाव होतं.

 बाहेर गाडी धुण्याचं पाणी खळखळत होतं.

"म्हणजे," नणंद हळूहळू म्हणाली, "सख्ख्या नणंदेचा माल परत."

"हो."

"सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर."

 एकदम नणंदेने मांडीवर थाप मारली. "चाळणी फाटलीय! गिरणीची! मला दोन दिवस तिचा आवाज वेगळा येत होता. मी म्हटलं, मशीन जुनं झालं, कुरकुरतंय. आमच्या म्हाताऱ्यासारखं!" ती हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. "परत द्या माल. पुन्हा दळून आणते. जाड दळलं म्हणा, हजार वेळा म्हणा. दळण पुन्हा दळता येतं. वीट म्हणू नका."

"नाही म्हणणार," साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला. "कालचं मीच लिहिलं होतं, आजचंही मीच लिहितो."

"पूर्ण फोटो टाका," बाई म्हणाली. "कडेसकट, कार्डासकट. कालचा, आणि जागा बदललेलाही."

"त्यात आपला यजमान विटकरी दिसतोय बाई."

"दिसू दे. पाहुण्याला बसवलं होतं ना त्या जागी? थोडा वेळ यजमानही बसेल."

साहेबांनी फोटो पाठवले. खाली लिहिलं, की कालचा संशय दिव्यामुळे आला होता, तो कारखान्याने मागे घेतला आहे, भेसळ आढळली नाही. माल फक्त जाड दळल्यामुळे परत जातोय. नणंदेने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "'क्षमस्व' कुठाय?" साहेबांनी तेही लिहिलं.

जाताना दारात ती थबकली. पोती परत न्यायला टेम्पो उभा होता, आणि ड्रायव्हरला हाका मारायचं सोडून ती वहिनीकडे वळली.

"दुसऱ्या डोळ्याचं कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात. हे येणार आहेत बरोबर."

"भाऊ? त्याला रक्त बघून चक्कर येते. मी येते." मग पोत्यांकडे हात करून ती म्हणाली, "पण हे दळून आणल्यावर आधी त्याचा फोटो काढायचा. दुसरा डोळा नवा झाल्यावर तुम्ही आणखी काय काय शोधून काढाल, सांगता येत नाही."

"वन्सं, तेव्हा तर दोन्ही डोळ्यांना एकच रंग दिसेल."

"मग आजच्यासारखं सापडायचं नाही!"

बाईने यावर क्षणभर विचार केला. तिला ते पटलं. ती आत वळली, तेव्हा सुपरवायझर खोक्यासमोर वाकून काहीतरी करत होता. खोक्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे आजवर यजमान आणि पाहुणा असं लिहिलेलं होतं, तिथल्या चिठ्ठ्या तो नखाने खरवडून काढत होता.

"पुढचा नमुना आलाय बाई," तो म्हणाला. "हळद."

तिने पदर खोचला, हात पुसले आणि दोन ताटल्या उचलल्या. "चला," ती हळदीला म्हणाली. "कुठेही उभे राहा."